कर्ज कराराच्या शेवटचा परतफेडीचा तक्ता तपासताना

प्रश्न: अंधेरीच्या एका वकिलांच्या ऑफिसमध्ये सहा महिने प्रूफ तपासते आहे. कराराचा मजकूर नीट तपासला जातो, पण शेवटच्या परिशिष्टातल्या परतफेडीच्या तक्त्यात माझ्याकडून चुका सुटतात. कधी कॉलमचं शीर्षक, कधी बेरीज, कधी तारीख. दोनदा-तीनदा वाचूनही दिसत नाहीत. तक्ता तपासायची काही ठरावीक पद्धत आहे का?

उत्तर:

तुमच्या वाचण्यात उणीव आहे असं मला वाटत नाही. तक्ता तुम्ही मजकुरासारखा वाचता आहात, अडचण तिथे आहे. मजकुरात चूक असली की वाक्य अडखळतं, कान टवकारतो. तक्त्यात ५,००,००० च्या शेजारी १,५०,००० छापलं असेल तर काहीच अडखळत नाही, कारण दोन्ही आकडे दिसायला तितकेच खरे असतात. म्हणून चार वेळा वाचलं तरी चौथ्या वेळी डोळा पहिल्या वेळेइतकाच समाधानी राहतो.

फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. तक्ता वाचायचा नसतो, तो पुन्हा मांडून बघायचा असतो, हे मला तिथे पहिल्या दोन वर्षांत शिकवलं गेलं. कराराच्या कलमांत कर्जाची रक्कम, व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि पहिल्या हप्त्याची तारीख लिहिलेली असते. तक्ता या चार गोष्टींतूनच निघतो. तेव्हा तक्ता झाकून ठेवायचा, कलमं उघडायची, त्या चार गोष्टी एका कागदावर लिहून घ्यायच्या आणि पहिली ओळ, शेवटची ओळ नि बेरजेची ओळ काय यायला हवी ते आधी स्वतः काढायचं. मगच तक्त्यावरचा हात उचलायचा.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, तो आधीच सांगते. व्याज कसं मोजायचं हे करारागणिक बदलतं. वर्षाला १२ टक्के म्हणजे तिमाहीला सरळ ३ टक्के, की प्रत्यक्ष दिवस मोजून भागिले ३६५? चाळीस लाखांवर तिमाहीचं व्याज पहिल्या रीतीने १,२०,००० येतं. दुसऱ्या रीतीने ५ एप्रिल ते ५ जुलै या ९१ दिवसांचं व्याज १,१९,६७१ येतं. दोन्ही बरोबर असू शकतात, फक्त कलमात काय लिहिलं आहे ते बघावं लागतं. व्याजदर बदलता असेल तर तक्त्यातली व्याजाची बेरीज फक्त आजच्या दराने काढलेला अंदाज असते, आणि तसं तक्त्याखाली लिहिलेलं असायला हवं. हप्ते समान असतील, म्हणजे ईएमआय असेल, तर रुपयात पूर्णांक केल्यामुळे शेवटचा हप्ता थोडा कमी-जास्त येतो. ती चूक नसते. शेवटचा हप्ताही बाकीच्यांइतकाच छापला असेल, तर मात्र मी थांबते.

आता पद्धत एका खऱ्या मसुद्यावर दाखवते. पक्षकार आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एका लहान वर्कशॉपवाल्याने एका खासगी कंपनीकडून चाळीस लाख रुपये घेतले होते. व्याज वर्षाला १२ टक्के, तिमाहीला ३ टक्के, उरलेल्या मुद्दलावर. आठ तिमाही हप्ते, प्रत्येकात पाच लाख मुद्दल. पैसे ५ एप्रिल २०२५ ला दिले जाणार होते आणि पहिला हप्ता ५ जुलै २०२५ ला होता. करार इंग्रजीत होता, तक्ता कंपनीच्या अकाउंटंटने एक्सेलमध्ये केला होता आणि तो नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये चिकटवला गेला होता. माझ्यासमोर आला तेव्हा त्याच्या वरच्या तीन ओळी आणि बेरजेची ओळ अशा होत्या:

| अ. क्र. | तारीख | ओपनिंग बॅलन्स | प्रिन्सिपल | इंटरेस्ट | एकूण हप्ता |
|---|---|---|---|---|---|
| १ | ०७-०५-२०२५ | ३५,००,००० | ५,००,००० | १,२०,००० | ६,२०,००० |
| २ | १०-०५-२०२५ | ३०,००,००० | ५,००,००० | १,५०,००० | ६,०५,००० |
| ३ | ०१-०५-२०२६ | २५,००,००० | ५,००,००० | ९०,००० | ५,९०,००० |
| एकूण | | १,४०,००,००० | ४०,००,००० | ५,४०,००० | ४५,४०,००० |

शीर्षकं आधी

मी कायम शीर्षकांपासून सुरुवात करते. शीर्षक चुकीचं असेल तर खालचे बरोबर आकडेही चुकीचे वाटतात, आणि कुणीतरी उत्साहाने ते बरोबर आकडेच ‘दुरुस्त’ करून टाकतं. या तक्त्यात नेमका तो सापळा होता.

तिसऱ्या कॉलमवर ‘ओपनिंग बॅलन्स’ लिहिलं होतं, म्हणजे हप्ता भरण्याआधी शिल्लक असलेलं मुद्दल. मग पहिल्या ओळीत पूर्ण कर्जाची रक्कम, चाळीस लाख, यायला हवी. तिथे पस्तीस लाख होते. शेवटच्या ओळीत शून्य होतं. शेवटी शून्य येतं ते क्लोजिंग बॅलन्सच्या कॉलममध्ये, म्हणजे हप्ता भरल्यानंतरच्या शिलकेत. एवढी एक खूण धरली की झालं: ओपनिंगच्या पहिल्या ओळीत कर्जाची रक्कम, क्लोजिंगच्या शेवटच्या ओळीत शून्य. आकडे सगळे बरोबर होते, पाटी चुकीची होती.

आता विचार करा, ही पाटी पकडली नसती तर काय झालं असतं. व्याज तपासणाऱ्याने पस्तीस लाखांवर तीन टक्के काढले असते, १,०५,००० आले असते, आणि पहिल्या ओळीतले १,२०,००० त्याला जास्त वाटले असते. बरोबर व्याजावर लाल पेन फिरलं असतं.

शीर्षकात आणखी दोन जागा बघते. पहिली जागा एककाची. जुन्या कराराचा साचा वापरला की ‘रुपये लाखांत’ हे शब्द वर तसेच राहून जातात आणि खाली पूर्ण रुपये असतात. अक्षरशः वाचलं तर पाच लाखांचा हप्ता पाच लाख लाखांचा होतो. कोर्टात कुणी तसा अर्थ लावणार नाही, पण वाद झाला तर समोरच्याच्या वकिलाला तक्ता गलथान आहे म्हणायला जागा मिळते.

दुसरी जागा तक्ता जिथे पुढच्या पानावर जातो ती. वर्डमध्ये शीर्षकाची ओळ निवडून `Repeat Header Rows` केलं असेल तर ती आपोआप पुढच्या पानावर येते आणि एकसारखी असते. पण बरेच टायपिस्ट दुसऱ्या पानावर शीर्षक हाताने टाइप करतात, आणि चूक तिथेच होते. या मसुद्यात दुसरं पान पाचव्या हप्त्यापासून सुरू होत होतं आणि तिथे प्रिन्सिपल नि इंटरेस्ट या दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे कर्जदार पाचव्या हप्त्यात साठ हजार मुद्दल आणि पाच लाख व्याज भरणार, असं छापलं होतं. पहिल्या पानावरची शीर्षकं मी एका पट्टीवर लिहून घेते आणि ती पट्टी दुसऱ्या पानाच्या वर धरते. नुसत्या आठवणीवर विसंबत नाही.

शीर्षकातला शब्द कराराच्या व्याख्येतलाच आहे का, हेही बघायचं. कराराने ‘ड्यू डेट’ अशी व्याख्या केली असेल तर तक्त्यात नुसतं ‘तारीख’ चालत नाही. ती हप्ता देय होण्याची तारीख आहे, की खात्यातून पैसे निघण्याची, की तिमाही संपण्याची, हे कळत नाही. परिशिष्टाचा क्रमांकही असाच. कलम सात म्हणतं ‘परिशिष्ट दोन प्रमाणे’ आणि तक्त्यावर ‘अनेक्श्चर बी’ लिहिलेलं असतं. हे दर चार-पाच करारांत एकदा तरी दिसतंच.

तारखा

वरच्या तीन तारखा पुन्हा बघा. ७ मे, १० मे, मग थेट पुढच्या वर्षीची १ मे. खाली पुढे ४ मे, ७ मे, १० मे आणि २०२७ मधल्या १ मे, ४ मे. आठही हप्ते मे महिन्यात! खऱ्या तारखा होत्या ५ जुलै, ५ ऑक्टोबर, ५ जानेवारी, ५ एप्रिल अशा. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर तारखेची मांडणी अमेरिकी होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्याने `05/07/2025` टाइप केलं आणि एक्सेलने ते ७ मे समजून आत साठवलं. त्याच्या पडद्यावर ते त्याने टाइप केल्यासारखंच दिसत राहिलं, म्हणून त्याला शंका आली नाही. तोच तक्ता आपल्याकडच्या मांडणीच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर दिवस आधी आला आणि चूक कागदावर उतरली.

असली चूक ओळखायची माझी खूण साधी आहे. तारखांचा कॉलम आडवा न वाचता वरून खाली वाचायचा आणि कोणता आकडा बदलतो आहे ते बघायचं. नियमित हप्त्यांत दिवस तोच राहतो, महिना पुढे सरकतो. इथे मधला आकडा, जो महिना असायला हवा, तो आठही ओळींत ०५ होता आणि पहिला आकडा ०७, १०, ०१, ०४ असा तीन-तीनने फिरत होता. जो सरकतो तो महिना. तारीख कितीही गोंधळाची छापलेली असो, हे पाहिलं की खरा क्रम कळतो.

हप्त्याचा दिवस १ ते १२ मधला असेल तेव्हाच ही अदलाबदल गुपचूप होते. हप्ता १५ तारखेचा असता तर एक्सेलला पंधरावा महिना सापडला नसता. त्याने ती तारीख न समजता नुसता मजकूर म्हणून ठेवली असती आणि ती कप्प्यात डावीकडे चिकटून दिसली असती. खऱ्या तारखा, कुणी मुद्दाम मांडणी बदलली नसेल तर, उजवीकडे असतात. मूळ एक्सेल फाइल मिळाली तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=ISNUMBER(B2)
```

जिथे `FALSE` येईल तिथे तारीख ही तारीखच नाही. पण `TRUE` आलं म्हणून तारीख बरोबर आहे असं नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या आठही ओळींत `TRUE` आलं असतं. म्हणून त्यानंतर कॉलमची मांडणी `dd-mmm-yyyy` करून महिन्याचं नाव अक्षरांत बघायचं. ‘मे’ आठ वेळा दिसल्यावर कुणाच्याही लक्षात येतं.

छापील प्रतीसाठी माझा आग्रह असतो की महिना अक्षरांत आणि पूर्ण लिहावा: ५ जुलै २०२५. मराठी प्रत करताना तर संक्षेप अजिबात नको. ‘जु.’ लिहिलं की तो जून की जुलै, आणि ‘ऑ.’ लिहिलं की ऑगस्ट की ऑक्टोबर, हे ठरवता येत नाही. करारात दुसरीकडे कुठे एकटी तारीख असेल, जसं पैसे दिल्याची तारीख, तर तिच्यावर-खाली दुसऱ्या तारखा नसल्यामुळे ‘जो सरकतो तो महिना’ ही खूण तिथे चालत नाही. म्हणून तिथेही महिना अक्षरांतच हवा. एकाच करारात कलमात ०५.०४.२०२५, तक्त्यात ५ जुलै आणि सहीपाशी ०५/०४/२५ अशी तीन वळणं असतील, तर मी तिन्हींना खूण करून एकच वळण सुचवते.

जानेवारीची ओळ वेगळी बघा. वर्ष बदलतं ती ओळ टाइप करताना हात जुनंच वर्ष उमटवतो. आपल्या तक्त्यात अशा दोन ओळी होत्या, जानेवारी २०२६ आणि जानेवारी २०२७.

महिनाअखेरच्या हप्त्यांना एक वेगळी खोड असते. पहिला हप्ता ३१ जानेवारीचा असेल आणि प्रत्येक तारीख तिच्या वरच्या तारखेतून काढली असेल, तर फेब्रुवारीत २८ येते आणि पुढे मार्चमध्ये ३१ ऐवजी २८ च राहते. ती एकदा घसरली की वर येत नाही. तारखा नेहमी पहिल्या तारखेतूनच काढायच्या. तिमाही हप्त्यांसाठी, अनुक्रमांक `A` मध्ये आणि पहिली तारीख `B2` मध्ये असेल तर, तिसऱ्या ओळीत हे:

```
=EDATE($B$2,3*(A3-1))
```

मासिक हप्ते असतील तर `3*` काढून टाका.

सुट्टीचा प्रश्न तुम्हाला लवकरच येईल. या कर्जाच्या आठ तारखांपैकी तीन रविवारी होत्या: ५ ऑक्टोबर २०२५, ५ एप्रिल २०२६ आणि ५ जुलै २०२६. अशा तारखा तपासणाऱ्याने सोमवारवर सरकवायच्या नाहीत. सुट्टी आली तर आधीचा कामाचा दिवस की नंतरचा, हे कलमात लिहिलेलं असतं, आणि तक्त्यात कराराची मूळ तारीखच राहते. कलमात काहीच नसेल तर ती वकिलांना विचारायची गोष्ट आहे. मी समासात लिहिते: ‘रविवार. सुट्टीचं कलम दिसत नाही.’ एवढंच.

तारखेबद्दल मी इतकी हट्टी का, ते सांगते. कर्ज बँकेचं किंवा बिगरबँक वित्तसंस्थेचं असेल तर थकबाकी दिवसांवर मोजली जाते, आणि मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात परतफेडीच्या नेमक्या देय तारखा, परतफेड किती काळाने करायची ते, आणि मुद्दल नि व्याज यांची फोड करारात स्पष्ट लिहायला सांगितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसोबत जे मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, त्यातही परतफेडीचा तक्ता असतो. म्हणजे तोच तक्ता दोन कागदांवर येतो. तुमच्याकडे दोन्ही कागद असतील तर ते शेजारी ठेवून तारखांचे दोन्ही कॉलम एकदा ताडून बघा. एक कागद दुरुस्त होतो आणि दुसरा तसाच राहतो, हे वारंवार घडतं.

बेरजा

आता आकडे. माझा क्रम असा असतो: आधी उभी बेरीज, मग आडवी, मग शिलकेची साखळी.

उभी बेरीज मी कॅल्क्युलेटरवर स्वतः करते, छापलेल्या बेरजेवर विश्वास ठेवत नाही. प्रिन्सिपलची बेरीज कर्जाच्या रकमेइतकीच हवी. ती चाळीस लाख आली, ठीक. इंटरेस्टच्या आठ ओळींची माझी बेरीज ५,८५,००० आली, छापली होती ५,४०,०००. फरक ४५,००० चा.

फरकाचा आकडा बरंच काही सांगतो. तो एखाद्या ओळीतल्या आकड्याइतकाच असेल तर ती ओळ बेरजेत सुटली असण्याची शक्यता असते. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी दोन शेजारचे अंक उलटे पडलेत का ते बघावं, कारण अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. इथे दोन्ही खुणा एकदमच लागू होत होत्या! सहाव्या हप्त्याचं व्याज नेमकं ४५,००० होतं, आणि ४५,००० ला ९ ने भागही जातो. या खुणा फक्त शोधाची दिशा देतात, निकाल देत नाहीत. नवशिके इथेच फसतात. पहिली जुळलेली खूण पकडून ते सहावी ओळ बेरजेत मिळवतात आणि एकूण व्याज ५,८५,००० करून टाकतात.

निकाल आडव्या तपासणीने लागतो. प्रत्येक ओळीत प्रिन्सिपल अधिक इंटरेस्ट बरोबर एकूण हप्ता. सहावी ओळ जुळली: ५,००,००० अधिक ४५,००० म्हणजे ५,४५,०००. दुसरी ओळ जुळली नाही: ५,००,००० अधिक १,५०,००० म्हणजे ६,५०,०००, आणि छापलं होतं ६,०५,०००. म्हणजे चूक दुसऱ्या ओळीत. आता चुकलंय काय, व्याज की हप्ता? ते शिलकेवरून ठरतं. पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल पस्तीस लाख उरलं. त्यावर तीन टक्के म्हणजे १,०५,०००. व्याज उलटं टाइप झालं होतं, हप्ता आणि छापील बेरीज दोन्ही बरोबर होत्या. नंतर कळलं की चिकटवलेल्या तक्त्यातला तेवढा एक कप्पा कुणीतरी वर्डमध्ये हाताने पुन्हा टाइप केला होता, आणि बेरीज मात्र एक्सेलमधून आलेली जुनीच होती.

आकडे न मोडताही ही चूक डोळ्याला दिसू शकली असती. मुद्दल दर वेळी पाच लाखांनी कमी होतं, म्हणून व्याज दर वेळी पंधरा हजारांनी उतरायला हवं: १,२०,०००, मग १,०५,०००, मग ९०,०००. छापलेला क्रम वर चढून मग खाली उतरत होता. व्याजदर तोच असेल आणि व्याज प्रत्यक्ष दिवसांवर मोजलेलं नसेल, तर समान मुद्दलाच्या तक्त्यात व्याज कधीच वर चढत नाही. कॉलम वरून खाली बघायची सवय लागली की हे कॅल्क्युलेटर हातात घ्यायच्या आधीच दिसतं.

आता १,४०,००,००० चा आकडा. चाळीस लाखांच्या कर्जात एक कोटी चाळीस लाख कुठून आले? शिलकेच्या कॉलमची बेरीज करून. पस्तीस, तीस, पंचवीस असे उतरते आकडे एकमेकांत मिळवले की एवढेच होतात. बेरीज अचूक आहे, पण तिला अर्थ नाही. एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र एका कॉलममधून आडवं ओढलं की ते शिलकेखालीही जाऊन बसतं. शिलकेच्या कॉलमखाली रेघ किंवा रिकामी जागा हवी. अचूक बेरीज असली तरी ती काढून टाकायला सांगावं लागतं, हे सुरुवातीला जड जातं. कर्जदार जेव्हा तो आकडा बघून घाबरून फोन करतो, तेव्हा पटतं.

बेरीज कशी केली आहे हेही विचारून घ्या. एक्सेलची `SUM` मजकूर म्हणून पडलेल्या आकड्याला गुपचूप वगळते. त्यामुळे फरक एका ओळीइतकाच येतो आणि ती ओळ समोर दिसत असते. वर्डमधली `=SUM(ABOVE)` आकडा बदलल्यावर आपोआप बदलत नाही. तिच्यावर उभं राहून `F9` दाबावं लागतं. शिवाय शीर्षकाच्या कप्प्यात नुसतं एखादं वर्ष लिहिलेलं असेल, समजा `2026`, तर ती तेही बेरजेत घेते. बेरीज बरोबर २०२६ ने जास्त येत असेल तर ओळीत शोधत बसू नका, वर शीर्षकाकडे बघा.

शेवटी अक्षरी रक्कम. ४५,४०,००० म्हणजे पंचेचाळीस लाख चाळीस हजार. मराठीत पंचेचाळीस, पंचावन्न, पंचाहत्तर यांची घसरगुंडी होते, आणि एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत तर हमखास. मी अक्षरी रक्कम आधी वाचते, ती अंकांत लिहून काढते आणि मग छापील आकड्याशी ताडते. उलट केलं तर डोळ्यासमोर आकडा असतो आणि शब्द आपण वाचतच नाही. सोबत वचनचिठ्ठी असेल तर जास्तच जपा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे अंक आणि अक्षरं यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरली जाते. कर्ज करार हा स्वतः परक्राम्य संलेख नाही, त्यामुळे तो नियम त्याला आपोआप लागत नाही. पण चिठ्ठी आणि करार यांत दोन वेगळ्या रकमा असणं कुणालाच परवडत नाही.

मराठी प्रतीत देवनागरी अंक असतील तर आणखी एक काळजी घ्या. देवनागरी ४ हा घाईत इंग्रजी `8` सारखा दिसतो, आणि १ नि ९ लहान टाइपात एकमेकांत मिसळतात. एकाच तक्त्यात दोन्ही लिपींचे अंक नकोत. दोन प्रती ताडायच्या असतील तर सोबत कुणाला तरी बसवा. एकाने आकडा अंकाअंकाने मोठ्याने म्हणायचा, ‘एक, शून्य, पाच, हजार’, आणि दुसऱ्याने कागदावर टिक करायची. ‘एक लाख पाच हजार’ असं म्हटलं की ऐकणारा अर्थ ऐकतो, अंक बघत नाही.

दुरुस्ती कुणी करायची

तुम्ही नाही. हे मी फार जपून पाळते. दुसऱ्या ओळीत १,०५,००० हवेत हे मला शंभर टक्के माहीत होतं, तरी मी ते बदललं नाही. समासात लिहिलं: ‘इंटरेस्ट १,५०,००० छापलं आहे. ३५ लाखांवर ३ टक्के १,०५,००० येतात, हप्ता ६,०५,००० त्याच्याशीच जुळतो. कृपया खात्री करावी.’ आकडा का चुकीचा वाटतो ते एका ओळीत लिहिलं की वकिलांना परत मोजावं लागत नाही, आणि कंपनीने दुसऱ्याच एखाद्या कारणाने वेगळं व्याज धरलं असेल तर तेही समोर येतं.

दुरुस्त प्रत आली की फक्त दुरुस्त केलेले कप्पे बघून सोडू नका. एक ओळ घातली-काढली की पान बदलतं, आणि दुसऱ्या पानावरचं हाताने टाइप केलेलं शीर्षक आता भलत्याच ओळीच्या वर जाऊन बसतं. सह्यांसाठी अंतिम प्रत छापून आली की तक्त्याचं पान पुन्हा एकदा, शीर्षकांपासून. सह्या झाल्यावर सापडलेली चूक पेनाने खोडून चालत नाही. दोन्ही पक्षांच्या सहीने दुरुस्तीचा लेख करावा लागतो, आणि तो करून घ्यायला कर्जदाराला परत फोर्टात यावं लागतं.

त्या चाळीस लाखांच्या तक्त्यावर माझ्या सहा खुणा गेल्या: पाटी एक, दुसऱ्या पानाची अदलाबदल, तारखांचा पूर्ण कॉलम, दुसऱ्या ओळीचं व्याज, शिलकेची बेरीज आणि तीन रविवार. पाच लगेच दुरुस्त होऊन आल्या. रविवारांचं उत्तर यायला चार दिवस लागले, कारण सुट्टीचं कलम करारात खरंच नव्हतं आणि ते नव्याने लिहावं लागलं.